आधी कार्ड, मग नोटा

दवाखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान होतं आणि त्याच्या भिंतीत पैशाचं मशीन बसवलेलं होतं. त्या मशीनसमोर धाकटी जाऊ उभी होती. तिच्या एका हातात थोरल्या जावेचं कार्ड होतं, दुसऱ्या हातात नर्सनं दिलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर नऊशे पंचवीस हा आकडा लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली होती. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

पाच वाजता शस्त्रक्रियेचे डॉक्टर निघून जाणार होते. ते या दवाखान्याचे नव्हतेच, आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्या गावाहून यायचे आणि घड्याळ लावून जायचे. थोरलीचं अपेंडिक्स आत फुटायला आलं होतं. दवाखान्याचं म्हणणं सरळ होतं: आधी अनामत भरा, मग बाईंना आत घेतो. काउंटरवरच्या मशीनला थोरलीचं कार्ड चाललं नाही, कारण ठेकेदारानं दिलेली पगाराची कार्डं फक्त पैशाच्या मशीनमध्ये चालत. तेव्हा रोख आणा. हे सगळं थोरलीनंच तिला समजावून सांगितलं होतं, पोट दोन्ही हातांनी दाबून धरून, कारण इथल्या भाषेतलं ओ की ठो धाकटीला कळत नव्हतं.

"माझं कार्ड घे," थोरली म्हणाली होती. "आकडा दोन, सात, सात, शून्य. म्हण."

"दोन, सात, सात, शून्य."

"पुरतील त्यात. आणि हे बघ, पाकिटात तुझंही कार्ड आहे. ते घालत बसू नकोस. त्यात काही नाही. उगाच वेळ जाईल."

त्यात काही नाही! पण समोर बाई घामानं निथळत होती, ओठ पांढरे पडले होते, तिथे हिशेब मागायची ही वेळ होती का? ती "बरं वहिनी" म्हणाली आणि धावत सुटली. पण धावताना ते वाक्य तिच्याबरोबर धावत होतं. सव्वादोन वर्षं दोघी एकाच हॉटेलच्या धुलाईखान्यात राबत होत्या. थोरली इस्त्रीच्या रुळावर, धाकटी ओल्या चादरी उपसायला. दोघींना पगार सारखा. धाकटीचं कार्ड मात्र पहिल्या महिन्यापासून थोरलीच्या पाकिटात, आकडासुद्धा तिलाच ठाऊक करून दिलेला, कारण सासूबाईंनी निघताना सांगितलं होतं की व्यवहार मोठी बघेल. पगाराच्या दिवशी दोघी मशीनवर जायच्या. थोरली मशीनकडे तोंड करून, धाकटी तिच्या पाठीला पाठ लावून रस्त्याकडे तोंड करून, राखणीला. थोरली एकामागून एक दोन्ही कार्डं घालायची, नोटा पाकिटात टाकायची आणि म्हणायची, "चल. दोघींचे मिळून घरी पाठवते." एवढाच काय तो धाकटीचा पैशाशी संबंध.

तर अशी ही बाई, जिनं उभ्या आयुष्यात मशीनचं तोंड धड पाहिलं नव्हतं, ती आज एकटी मशीनसमोर उभी होती.

पण अगदीच कोरी नव्हती ती. धुलाईखान्यातल्या बायकांना मुकादमबाईनं मशीनचा पाढा शिकवला होता, आणि तो रात्री पडल्या पडल्या सगळ्या जणी म्हणायच्या. नव्या बायकांची तर तोंडी परीक्षा व्हायची आणि चुकलं की हशा. 'कार्ड आत. डावीकडचं सगळ्यांत खालचं. चार आकडे. हिरवं. उजवीकडचं दुसरं. रक्कम. हिरवं. डावीकडचं तिसरं. मग दोन्ही हात खाली.' धुलाईखान्याच्या फाटकाजवळच्या मशीनला पडद्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार बटणं होती, आणि पडद्यावर काय लिहिलंय याच्याशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं. वाचता येतंय कुणाला? बोटांना जागा ठाऊक असली की झालं. आणि शेवटचं कलम मुकादमबाई दोनदा सांगायची: "नोटा हातात येईस्तोवर जागचं हलायचं नाही. मागून कुणी काही दाखवलं, काही बोललं, तर बघायचं नाही. लक्ष वळलं की नोटा गेल्याच म्हणून समजा. दोन्ही हातांनी ते तोंड झाकायचं. कार्ड काय, ते मागाहून येतं."

धाकटीनं मुकादमबाईला फोन लावून पाहिला होता. तो वाजून वाजून बंद झाला. कामाच्या वेळी सगळ्यांचे फोन कपाटात कुलूपबंद असतात, मुकादमबाईचासुद्धा. फोन कपाटात एकटाच कोकलत असणार.

तिनं कार्ड आत सारलं. चुकीच्या बाजूनं. मशीननं ते घेतलंच नाही. तिनं उलटं केलं, मग सुलटं करून फिरवलं, तेव्हा कुठे ते सुळकन आत गेलं. आता डावीकडचं खालचं बटण. आणि बघते तर काय, या मशीनला बाजूला बटणंच नाहीत! नुसता गुळगुळीत पडदा. पडद्यावर मात्र आठ चौकटी होत्या, चार डावीकडे, चार उजवीकडे, आणि प्रत्येकीत वेगवेगळ्या वळणाचं काहीतरी लिहिलेलं. तिनं बोट डावीकडच्या खालच्या चौकटीवर टेकवलं. पडदा बदलला. चला, म्हणजे बोट लावलं तरी चालतंय.

पण त्या आठ चौकटी म्हणजे आठ भाषा होत्या, हे तिला कोण सांगणार? फाटकाजवळच्या मशीनवर ते डावीकडचं खालचं बटण दाबलं की मशीन सुरू होतं अशीच सगळ्या जणींची समजूत. सव्वादोन वर्षं बायका तिथे इथली भाषा निवडत होत्या आणि त्यांना वाटत होतं की आपण दिवा लावतोय. इथे मात्र त्या जागी कुठली तरी तिसरीच भाषा बसलेली होती. पुढचा पडदा अशा अक्षरांनी भरला जी तिनं इथल्या पाट्यांवरही कधी पाहिली नव्हती.

तरी चार मोकळ्या खिडक्या दिसल्या, त्या आकड्यांसाठी आहेत हे तिनं ओळखलं. आकडे मात्र खाली खऱ्याखुऱ्या बटणांवर होते. दोन, सात, सात, शून्य. हिरवं. पडद्यावर पुन्हा चौकटी आल्या. उजवीकडची दुसरी, पाढ्यात होती तशी. मशीननं जरा विचार केला आणि एक आकडा दाखवला. एक हजार चारशे बारा, पुढे टिंब, साठ.

आकडे कुठल्याही भाषेत आकडेच असतात. थोरलीच्या कार्डात चौदाशे बारा होते. धाकटीच्या छातीवरचा दगड हलला. पुरतायत, वहिनी खरंच म्हणाली. आणि लगेच दुसरा दगड येऊन बसला. सव्वादोन वर्षांत फक्त चौदाशे? एवढ्या पगारात? आणि आपल्या कार्डात तर काहीच नाही. मग गेले कुठे दोघींचे?

पडदा काहीतरी विचारत होता. दोन चौकटी, काही ओळी. पाढ्यात हे नव्हतं. तिचं बोट हवेत तरंगत राहिलं. मशीन टुंटुं करायला लागलं, मग आणखी एक प्रश्न आला, त्याच्याही दोन चौकटी. ती नुसती बघत राहिली, आणि दुसऱ्या क्षणी कार्ड तोंडातून बाहेर आलं. तिनं ते घाईघाईनं ओढून घेतलं. पैसे आलेच नाहीत. पाढा म्हणून बघितला, पण मशीनला पाढा ठाऊक नव्हता.

मागे एक माणूस येऊन उभा राहिला होता. विजारीवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे, हातात बादली, म्हणजे रंगारी असावा. तिनं खांदा आक्रसून मशीनला पाठीआड घेतलं. सव्वाचार होऊन गेले होते.

दुसऱ्यांदा कार्ड घातलं तेव्हा तिनं आधी त्या आठ चौकटी नीट बघितल्या. सातवीपर्यंत शिकलेली बाई, इंग्रजी अक्षरं लावता येत होती, भले शब्दांचा अर्थ लागो न लागो. उजवीकडे सगळ्यांत वर ती अक्षरं होती: ई, एन, जी. इंग्लिश! अगं बाई, म्हणजे या भाषा आहेत होय! मग आपली असेल का कुठे? तिनं आठही चौकटींवरून डोळे फिरवले, परत फिरवले. कशी असणार? तिची भाषा बोलणाऱ्या बायका या गावात होत्या सतरा, आणि त्यातली एक आता दवाखान्यात तळमळत पडली होती. रागही आला आणि रडूही आलं. तिनं इंग्लिशवर बोट ठेवलं.

आकडा. हिरवं. आता सहा चौकटी. एकेक शब्द ती अक्षर अक्षर लावून वाचू लागली, जसा पहिलीतला पोरगा वाचतो. बी-ए-एल... नको. पी-आय-एन... नको. सी-ए-एस-एच. कॅश! हा शब्द तिला ठाऊक होता, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर मोठा थोरला लिहिलेला असायचा. त्याच्या पुढे लांबलचक काहीतरी होतं, असू दे. तिनं तिथे बोट टेकवलं.

रकमा आल्या. पन्नास, शंभर, दोनशे, तीनशे, पाचशे. नऊशे पंचवीस कुठेच नाही. शेवटच्या चौकटीत आकडा नव्हता, शब्द होते. आकडा नाही म्हणजे आपला आकडा आपण घालायचा, एवढं डोकं तिला होतं. तिथे बोट ठेवलं तर खरंच रिकामी जागा आली. नऊ, दोन, पाच, हिरवं.

मशीननं नकार दिला. लाल अक्षरांत एक ओळ, आणि त्या ओळीत एकच ओळखीची गोष्ट, पन्नासचा आकडा. पैसे असून देत नाही म्हणजे काय? पन्नास कमी पडतायत का? पन्नास जास्त हवेत का? कुणाला विचारायचं? मागे वळून त्या रंगाऱ्याला? मुकादमबाईचा आवाज कानात खणखणला. मग तिला आठवलं, धुलाईखान्यात साबणाची पोती मागवायची ती दहाच्या पटीतच मिळतात, तेरा मागितली तर गाडीवाला हसतो. या मशीनच्या पोटात पन्नासच्याच नोटा असतील तर ते पंचवीस कुठून देणार? तिनं नऊ, पाच, शून्य दाबलं आणि डोळे मिटून हिरवं दाबलं.

मशीननं ऐकलं! आता एक छोटा प्रश्न आणि दोन चौकटी, येस आणि नो. आर-ई-सी... पावतीचं असणार. पाढ्यातलं 'डावीकडचं तिसरं' म्हणजे पावती नको, एवढं मुकादमबाईनं फोडून सांगितलं होतं. पावत्या रस्त्यावर पडतात, लोक आकडे वाचतात. तिनं नो दाबलं.

झालं. आता फक्त दोन्ही हात खाली. तिनं नोटांच्या तोंडावर दोन्ही तळवे धरले, अंगानं मशीनला चिकटली, आणि वाट पाहू लागली. एवढ्यात वरच्या बाजूनं कार्ड अर्धं बाहेर आलं आणि दिवा उघडझाप करू लागला. पीं पीं पीं. तिनं कार्डाकडे बघितलं, पण हात लावला नाही. कार्ड मागाहून. आधी नोटा. मघाशी पैसे मागितले नव्हते म्हणून कार्ड मुकाट्यानं काढून घेतलं, आता ते ओढलं तर मशीनला वाटेल ही बाई चालली, आणि मग देतंय कशाला ते पैसे? नाही, ती चुकणार नव्हती. ती सगळं शिकवल्याप्रमाणे करणार होती.

मागून रंगारी काहीतरी बोलला. तिनं मान वळवली नाही. तो पुन्हा बोलला, जरा मोठ्यानं, आणि त्याचं रंगानं माखलेलं बोट तिच्या खांद्यावरून पुढे आलं, कार्डाकडे दाखवत. हेच! अगदी हेच सांगितलं होतं मुकादमबाईनं. तिनं कोपर मागे मारलं, जोरात, आणि तिच्या भाषेत ओरडली, "दूर हो! माझे पैसे आहेत!" तो दोन पावलं मागे सरला, पण बोलायचा थांबला नाही. आता तर तो अक्षरशः ओरडत होता. मशीन पीं पीं करत होतं, तो ओरडत होता, आणि ती दोन्ही तळवे त्या बंद तोंडावर दाबून उभी होती.

मग पीं पीं थांबलं. कार्ड हळूच आत गेलं. पडद्यावर एक ओळ येऊन गेली आणि पुन्हा त्या आठ चौकटी हजर झाल्या, जसं काही घडलंच नव्हतं.

नोटांचं तोंड उघडलं नाही. तिनं आणखी थोडी वाट पाहिली. मग हिरवं बटण दाबलं. मग लाल. मग सगळी. मग मशीनवर तळवे आपटले. "अरे दे ना! दे ना रे!" ती मशीनशी बोलत होती, हात जोडत होती. कार्ड गेलं, पैसे गेले, वहिनी गेली. एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. वहिनी गेली. आपण मारलं तिला. नोटांचं तोंड झाकत बसलो आणि तिला मारलं. ती मशीनखालच्या पायरीवर मटकन बसली आणि तोंडावर घ्यायला पदर नव्हता म्हणून कोपरात तोंड खुपसून रडली.

रंगारी गेला नव्हता. बादली खाली ठेवून तो तिच्यासमोर उकिडवा बसला. कोपर लागलेली बरगडी चोळत होता, पण रागावलेला दिसत नव्हता. त्यानं स्वतःच्या खिशातलं कार्ड काढलं. एका हाताची मूठ अर्धी उघडी करून तिचं मशीन केलं, कार्ड तिच्यात खुपसलं, बाहेर ओढलं, खिशात टाकलं. मग दुसऱ्या हातानं हवेतून नोटा घेतल्या. पुन्हा केलं. कार्ड ओढलं, खिशात टाकलं, मग नोटा. मग तिसऱ्यांदा वेगळं केलं: कार्ड तसंच ठेवलं, वाट पाहिली, आणि मूठ बंद करून टाकली. नोटा नाहीत. दोन्ही हात रिकामे दाखवले.

तिला कळलं. आधी कार्ड, मग नोटा. फाटकावरच्या मशीनच्या बरोबर उलट. इतकं साधं. तो मघापासून हेच ओरडत होता आणि तिनं त्याला चोर ठरवून बरगडीत हाणलं होतं. त्यानं मशीनवर चिकटवलेला फोन नंबर दाखवला, मग हाताचा तळवा दोन-तीनदा उलटा-पालटा केला. कार्ड मिळेल, पण दिवस लागतील. तिनं दवाखान्याकडे बोट केलं, पोट धरून दाखवलं, मनगटावर नसलेल्या घड्याळावर बोट ठोकलं. त्याचा चेहरा गंभीर झाला. त्यानं आपलं पाकीट उघडून तिला दाखवलं. दोन नोटा होत्या, आणि त्या तो तिला द्यायला निघाला होता.

तिनं मान हलवली. दोन नोटांनी काय होणार?

मग तिनं थोरलीचं पाकीट उघडलं. आत तिचं स्वतःचं कार्ड होतं, कोरंकरकरीत, कारण तिनं ते कधी हातातच घेतलं नव्हतं. त्यात काही नाही. ठीक आहे, नसेल. पण आता घालायला दुसरं होतं काय? रिकाम्या कार्डातून पैसे निघत नाहीत हे तिला कळत होतं, तरी ती उठली. नाहीतर परत जाऊन वहिनीच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. त्यापेक्षा हे बरं. चार वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

ती मशीनसमोर उभी राहताच रंगारी चार पावलं दूर गेला आणि तिच्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला, राखणीला.

कार्ड आत. इंग्लिश. आकडा तिलाही ठाऊक होता, पहिल्या दिवशी ठेकेदाराच्या कचेरीत तिनंच घातला होता, फक्त त्यानंतर तिच्या बोटांनी तो कधी दाबला नव्हता. हिरवं. कॅश. शेवटची चौकट. नऊ, पाच, शून्य, हिरवं. घाईत शून्य दोनदा दाबलं गेलं, नऊ हजार पाचशे झाले. तिनं पिवळं दाबलं, आकडा पुसला गेला, पुन्हा घातला. पावती हवी का? या खेपेला तिनं येस दाबलं. मशीननं पुन्हा दगा दिला तर दवाखान्यात दाखवायला कागद तरी असेल हातात.

मशीन थांबलं. आता लाल ओळ येणार. बघ, आता येईलच.

कार्ड बाहेर आलं. तिनं ते असं झपाट्यानं ओढलं की नखच उलटलं. आणि मग मशीनच्या पोटात काहीतरी फरफर फिरलं, झडप वर गेली आणि नोटांची गड्डी बाहेर आली. ती बघतच राहिली. झडप पिंपिं करायला लागली तेव्हा भानावर आली आणि दोन्ही हातांनी नोटा ओढून घेतल्या. पाठोपाठ पावती सरकत बाहेर आली.

पावतीवरचे शब्द तिला कळले नाहीत. पण काढलेले साडेनऊशे ओळखू आले, आणि त्याखाली दुसरा आकडा होता. अकरा हजार तीनशे चाळीस.

ती धावत होती, आणि धावता धावता हिशेब आपोआप होत होता, ज्याला कागद लागत नव्हता. सव्वादोन वर्षं म्हणजे पगाराचे सत्तावीस महिने. तिच्या पगारातून जेवणाचे आणि खोलीचे ठेकेदार कापून घेतो ते सोडले तर हातात येतात ते सारे. एकही नोट हललेली नव्हती. मग पगाराच्या दिवशी वहिनी तिचं कार्ड मशीनमध्ये घालून काय करायची? नुसतं घालायची आणि काढायची. कार्डात किती साठले एवढंच बघत असणार. आणि घरी दर महिन्याला दोघींच्या नावानं जायचे ते पैसे एकट्या थोरलीचे. म्हणून तर तिच्याकडे चौदाशेच. धाकटीच्या नवऱ्यानं फोनवर मागितलं की ती बिचारी म्हणायची, माझ्याकडे काही नाही हो, वहिनी सगळं बघतात. आणि ते खरं वाटावं म्हणूनच तिला कधी सांगितलं नसावं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे थोरलीला लग्नाच्या महिन्याभरातच कळलं होतं. आणि आपण काय केलं? सव्वादोन वर्षं ओल्या चादरी पिळताना मनातल्या मनात या बाईला चोर म्हटलं. एकदा नाही, रोज. लाज वाटून धाकटीचं तोंड कडू झालं.

काउंटरवरच्या कारकुनानं नोटा मोजल्या, एक पुन्हा उजेडात धरून पाहिली, पंचवीस परत दिले, शिक्का मारला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाचला दोन मिनिटं कमी होती. नर्स हाक मारत आत पळाली. चाकांचा पलंग आधीच दाराशी आणून ठेवलेला होता, आणि डॉक्टर अंगावरचा बाहेरचा कोट पुन्हा काढत होते.

थोरलीचा चेहरा राखेसारखा झाला होता. धाकटीला बघून तिनं हात पुढे केला. तो तापलेला होता.

"निघाले?"

"निघाले, वहिनी."

"माझ्यातले?"

धाकटीनं पावती मुठीत आवळली. "तुमच्यातलेच," ती म्हणाली. "पहिल्याच खेपेला निघाले."

"शाब्बास." थोरलीनं डोळे मिटले, मग पुन्हा उघडले. "ऐक. मला काही झालं तर... मघाशी मी तुला खोटं सांगितलं. तुझ्या कार्डात आहेत. तुझे सगळे आहेत. घरी कुणाला बोलायचं नाही, माझ्या दिराला तर मुळीच नाही. जाऊन आकडा बदलून घे. मलापण सांगू नकोस."

"मला कसा बदलता येणार वहिनी? तुम्ही दाखवल्याशिवाय?"

"शिकवीन," थोरली म्हणाली, आणि नर्सनं पलंग ढकलला.

दार मागे-पुढे हलत राहिलं आणि मग थांबलं. दारावर लाल अक्षरांत एक शब्द लिहिलेला होता. धाकटी त्याच्यासमोर उभी राहून तो अक्षर अक्षर लावत होती आणि तिला त्याचा अर्थ लागत नव्हता. आतून कुणी बाहेर येत नव्हतं. मुठीतल्या कागदावर अकरा हजार तीनशे चाळीस होते, आणि त्यातला एकही आता कुणी मागत नव्हतं.